ओ ग्रुपचा प्लाझ्मा का चुकला?

"मॅडम, नमस्कार. मी बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. गाव घाटंजी तालुक्यात. फिजिऑलॉजीतला रक्त गोठण्याचा धडा काही केल्या डोक्यात शिरत नाही. रात्री फॅक्टर पाठ करते, सकाळी सगळे आकडे उडालेले असतात. परवा तोंडी परीक्षेच्या सरावात सरांनी विचारलं, वॉरफेरिन घेणाऱ्या बाईला रक्तस्राव होऊन राहिला, तिचा ग्रुप बी आहे, प्लाझ्मा कोणता देशील? मी म्हटलं ओ, कारण ओ सगळ्यांना चालतो. सर म्हणाले, 'बस खाली.' काय चुकलं ते सांगितलंच नाही. आणि एक विचारायचं होतं. माझ्या मामीची झडप नागपूरला बदलली, तिलाही हीच गोळी चालू आहे. तिनं पालेभाजी खायची की नाही?"
— एक विद्यार्थिनी, जि. यवतमाळ

सरांनी तुला खाली बसवलं ते सोड, प्रश्न मात्र त्यांनी नामी निवडला. प्लेटलेट, फॅक्टर, व्हिटॅमिन के आणि रक्तगट, सगळं त्या एका बाईत आहे. म्हणून फॅक्टरची यादी बाजूला ठेव आणि त्या बाईलाच पलंगावर आण. सरांनी तिची माहिती दिली नाही, ती मी भरते.

वय ४५, वजन ५० किलो. हृदयाची मायट्रल झडप काढून धातूची बसवलेली. धातूच्या झडपेवर रक्ताची गाठ धरू नये म्हणून रोज वॉरफेरिन, आणि रक्त गोठायला नेहमीच्या किती पट वेळ लागतो ते सांगणारा आयएनआर २.५ ते ३.५ च्या दरम्यान ठेवलेला. पावसाळ्यात जुलाब लागले. गावातल्या दुकानातून मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या आणल्या, आठवडाभर घेतल्या, आणि पेजेवर दिवस काढले. मग दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं, लघवी लाल झाली, शी डांबरासारखी काळी. दवाखान्यात आणली तेव्हा हिमोग्लोबिन ७. प्लेटलेट २,४०,०००. ब्लीडिंग टाइम ३ मिनिटं. प्रोथ्रॉम्बिन टाइम, म्हणजे पीटी, ९१ सेकंद; त्याच दिवशीच्या नॉर्मल प्लाझ्माचा १३. गोठण्याची वेळ मोजणारी दुसरी तपासणी, एपीटीटी, ६० सेकंद, नॉर्मल ३२.

आता रिपोर्ट एकेक करून वाचू. प्लेटलेट दीड ते साडेचार लाखांच्या मधे आहेत, ब्लीडिंग टाइमही ठीक. म्हणजे पहिलं काम व्यवस्थित चाललं आहे. ते काम कोणतं? रक्तवाहिनी फाटली की ती आधी आकसते. आतलं अस्तर निघाल्यामुळे खालचं कोलॅजेन उघडं पडतं. त्या कोलॅजेनला व्हॉन विलेब्रँड फॅक्टर चिकटतो आणि त्याला प्लेटलेट येऊन धरतात. धरलेल्या प्लेटलेटचा आकार बदलतो, त्यांना सोंडा फुटतात, आणि त्या एडीपी व थ्रॉम्बॉक्सेन ए-२ सोडतात. त्या हाकेनं आणखी प्लेटलेट येतात आणि फायब्रिनोजेनच्या दुव्यानं एकमेकींना धरून बसतात. तयार होतो प्लेटलेटचा बोळा. टाचणीएवढ्या जखमेला तो पुरतो. हे पहिलं काम मोजायला ब्लीडिंग टाइम.

प्रॅक्टिकलला तू बोटावर लॅन्सेट मारून हेच केलं असशील. दर ३० सेकंदांनी फिल्टर पेपर नुसता थेंबाला टेकवायचा, जखमेला नाही. कागदावर ठिपक्यांची ओळ लागते, पहिला मोठा, मग लहान लहान, आणि एका वेळी कागद कोरा निघतो. मुली हमखास चुकतात ती गोष्ट म्हणजे कागदानं जखम पुसतात. तसं केलं की धरत आलेला बोळाच निघून येतो आणि वेळ खोटीच वाढते. क्लॉटिंग टाइम वेगळा. त्यात केशनळीत रक्त घेऊन दर अर्ध्या मिनिटानं नळीचा बारीक तुकडा मोडतो आणि दोन तुकड्यांच्या मधे धागा ताणला जातो का ते बघतो. तो धागा फायब्रिनचा. प्लेटलेटच्या बोळ्यावर हे धाग्यांचं जाळं बसलं नाही तर मोठ्या जखमेत बोळा रक्ताच्या दाबानं वाहून जातो. आपल्या बाईचं नेमकं हेच बिघडलं आहे. बोळा धरतो, जाळं विणलं जात नाही.

म्हणून कॅस्केड, म्हणजे एका फॅक्टरनं पुढच्याला चालू करायची साखळी, उलट्या टोकाकडून वाच. शेवटी हवं काय? फायब्रिन. ते फायब्रिनोजेनपासून, म्हणजे फॅक्टर १ पासून, बनतं. बनवतो थ्रॉम्बिन. थ्रॉम्बिन येतो प्रोथ्रॉम्बिनमधून, म्हणजे फॅक्टर २ मधून. प्रोथ्रॉम्बिनचं थ्रॉम्बिन करतो चालू झालेला फॅक्टर १०, सोबतीला फॅक्टर ५. आणि हे सगळं प्लेटलेटच्या पृष्ठभागावर, कॅल्शियमच्या हजेरीत. एवढ्या पाच ओळी कोरड्या कागदावर आधी काढ, नंतरच वर जा. प्रश्न उरतो तो एकच, फॅक्टर १० ला चालू कोण करतं?

त्याला दोन वाटा आहेत. बाहेरची वाट आखूड. फाटलेल्या ऊतीतला टिश्यू फॅक्टर रक्तातल्या फॅक्टर ७ ला भेटतो आणि ती जोडी १० ला चालू करते, संपलं. आतली वाट लांब: १२ चालू करतो ११ ला, ११ करतो ९ ला, आणि ९ हा ८ च्या मदतीनं १० ला. परीक्षेत दोन्ही वाटा बाणांसकट काढायच्या, रोमन आकड्यांत. पण हेही लिही की शरीरात सुरुवात बहुधा टिश्यू फॅक्टरपासूनच होते, आणि पहिला थोडासा थ्रॉम्बिन तयार झाला की तो मागे वळून ५, ८ आणि ११ ला चालू करतो. त्यामुळे थेंबाचा लोंढा होतो. याचा पुरावा मागितला तर सांग: जन्मतः फॅक्टर १२ नसलेल्या माणसाचा एपीटीटी भयंकर वाढलेला असतो, पण त्याला रक्तस्रावाचा त्रास होत नाही. फॅक्टर ८ नसलेल्याला मात्र हिमोफिलिया होतो. नळीत जे दिसतं ते सगळं शरीरात तसंच घडतं असं नाही. आणि फॅक्टर ६ कुठे गेला म्हणून शोधत बसू नको. चालू झालेल्या ५ लाच पूर्वी ६ म्हणायचे, पुढे तो आकडा सोडून दिला.

पीटी बाहेरची वाट मोजतो, एपीटीटी आतली. शेवटचा १०-५-२-१ हा भाग दोन्हींत येतो. रक्त घेतो निळ्या झाकणाच्या नळीत. तिच्यातलं सोडियम सायट्रेट कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. लॅबमध्ये परत कॅल्शियम घातलं की घड्याळ सुरू. रक्त नऊ भाग आणि सायट्रेट एक भाग, हे प्रमाण ठरलेलं आहे. वॉर्डात घाईत नळी अर्धीच भरली तर सायट्रेट जास्त होतं आणि चांगल्या माणसाचाही पीटी लांबतो. नर्स म्हणून ही खूण जन्मभर उपयोगी पडेल: रिपोर्ट अचानक वेडावाकडा आला तर आधी विचार, नळी रेघेपर्यंत भरली होती का?

आपल्या बाईच्या ९१ ला १३ नं भाग, आले ७. लॅबच्या रिएजंटची संवेदनशीलता सांगणारा आकडा, आयएसआय, १ असेल तर हाच तिचा आयएनआर. पाहिजे होता फार तर ३.५. एपीटीटीही वाढलेला आहे. मग बिघाड एकाच वाटेत नाही, दोन्हींत आहे. दोन्ही वाटांवर एकदम बसणारं एकच काय आहे? व्हिटॅमिन के.

यकृतात बनणाऱ्या फॅक्टरांपैकी चार व्हिटॅमिन केशिवाय अर्धवट राहतात: १०, ९, ७, २. दहातलं शून्य गाळून वाच, १९७२. आपल्याकडे बहात्तरचा दुष्काळ आजीनं सांगितला नसेल असं घर नाही, म्हणून हा आकडा तू विसरणार नाहीस. यांच्याच जोडीला प्रोटीन सी आणि प्रोटीन एस. ही दोन गोठणं आवरणारी आहेत, तीही व्हिटॅमिन केवरच चालतात.

अर्धवट म्हणजे काय, ते नीट समजून घे, कारण पाच मार्कांचा प्रश्न इथेच असतो. यकृत हे फॅक्टर बनवतं तेव्हा त्यांच्या एका टोकाला ग्लुटामिक ॲसिड असतं. व्हिटॅमिन केच्या मदतीनं एक एन्झाइम त्यावर आणखी एक कार्बोक्सिल गट बसवतं. याला गॅमा-कार्बोक्सिलेशन म्हणतात. त्यामुळे तिथे कॅल्शियम धरायची जागा तयार होते, आणि कॅल्शियमच्या मधस्थीनं फॅक्टर प्लेटलेटच्या पृष्ठभागाला चिकटतो. धुऱ्यावरून चालताना कुसळ पायजम्याला चिकटतं ते त्याच्या बारीक काट्यांमुळे. काटे नसतील तर ते नुसतं घसरून पडेल. व्हिटॅमिन केविना बनलेला फॅक्टर असाच बिनकाट्याचा असतो. रक्तात फिरतो, मोजला तर सापडतोही, पण प्लेटलेटवर टिकत नाही, म्हणून कामाचा नाही.

हे काम करताना व्हिटॅमिन के खर्ची पडून त्याचं इपॉक्साइड होतं. दुसरं एक एन्झाइम, इपॉक्साइड रिडक्टेज, त्याला परत वापरण्याजोगं करतं. वॉरफेरिन या दुसऱ्या एन्झाइमला अडवतं. मग शरीरात व्हिटॅमिन के असूनही ते फिरत नाही. हे औषध उंदीर मारण्यासाठी १९४८ मध्ये बाजारात आलं, आणि १९५४ पासून माणसांना द्यायला लागले. शेतात वापरतात त्या ब्रोमॅडिओलोनसारख्या उंदराच्या विषाचं कामही याच जागी चालतं, फक्त ते शरीरात आठवडेच्या आठवडे राहतं.

आता बाईचं कुठे बिनसलं ते उघड आहे. मेट्रोनिडॅझोलनं यकृतातलं वॉरफेरिन मोडणारं एन्झाइम मंदावलं, गोळी तीच पण रक्तातलं प्रमाण वाढलं. त्यात पेजेवर राहिल्यानं अन्नातून व्हिटॅमिन के आलंच नाही. चारही फॅक्टर बिनकाट्याचे बनू लागले. जुने चांगले फॅक्टर हळूहळू संपत गेले, आणि सगळ्यांत आधी संपला ७, कारण त्याचं अर्धायुष्य जेमतेम सहा तासांचं. फॅक्टर २ चं ६० तासांच्या वर. म्हणूनच व्हिटॅमिन केची कमतरता पीटीत आधी दिसते, एपीटीटीत मागून. तोंडी परीक्षेत "पीटी आधी का वाढतो?" असं विचारलं तर "फॅक्टर ७ चं अर्धायुष्य सगळ्यांत कमी" एवढं वाक्य पुरे.

उपचार दोन, आणि दोघांचा वेग वेगळा. शिरेतून दिलेलं व्हिटॅमिन के नव्यानं बनणाऱ्या फॅक्टरांना काटे बसवतं, पण ते बनायला यकृताला वेळ लागतो. आयएनआर उतरू लागायला साधारण सहा ते बारा तास. तेवढा वेळ हिमोग्लोबिन ७ वर आलेल्या, काळी शी होणाऱ्या बाईला थांबवता येत नाही. म्हणून तयार फॅक्टर द्यायचे: प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स मिळालं तर उत्तम, तालुक्याच्या ठिकाणी बहुधा फ्रेश फ्रोझन प्लाझ्मा. त्याचा परिणाम लगेच, पण टिकत नाही, कारण त्यातलाही ७ काही तासांत संपतो. म्हणून दोन्ही लागतात. डोस डॉक्टर ठरवतील. तू दोन गोष्टी सांभाळायच्या. व्हिटॅमिन के सलाइनमध्ये मिसळून सावकाश जाऊ द्यायचं, भर्रकन दिलं तर गंभीर रिॲक्शन येऊ शकते. आणि अशा पेशंटला ते स्नायूत टोचायचं नाही, टोचल्या जागी रक्ताची मोठी गाठ होते.

नवजात बाळाला मात्र आपण मांडीच्या स्नायूतच १ मिलिग्रॅम देतो, वजन एक किलोच्या आत असेल तर अर्धा. बाळाकडे साठा नसतो, आईच्या दुधात व्हिटॅमिन के कमी, आणि आतड्यात ते बनवणारे जंतू अजून वसलेले नसतात. घरी बाळंतपण झालेल्या बाळाची नाळ दोन-तीन दिवसांनी ठिबकत राहिली तर पहिला प्रश्न हाच, इंजेक्शन मिळालं होतं का?

मामीचं सांगते. पालेभाजी बंद करायची नाही. मेथी, पालक, आंबाडी, पावसाळ्यातला तरोटा, सगळ्यांत व्हिटॅमिन के असतं, आणि तिचा गोळीचा डोस तिच्या नेहमीच्या जेवणावर बसवलेला आहे. घात होतो तो एकदम बदलण्यानं. श्रावणात रोज भाजी आणि पुढे महिनाभर एकदाही नाही, असं झालं की आयएनआर वरखाली होतो. जेवढी खाते तेवढीच, सारखी खावी. आणि दुकानातून कोणतीही गोळी, दुखण्याची असो की जुलाबाची, डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये. ॲस्पिरिन तर नाहीच, कारण ती प्लेटलेटचं थ्रॉम्बॉक्सेन बंद पाडते, आणि ती प्लेटलेट मरेपर्यंत, म्हणजे आठ-दहा दिवस, बंदच राहते. मग जाळंही नाही आणि बोळाही नाही. डॉक्टरांनीच लिहून दिली असेल तर गोष्ट वेगळी, ती आपल्या मनानं थांबवायचीही नाही. हिरड्यांतून रक्त किंवा काळी शी दिसली तर मात्र वाट न बघता दवाखाना.

आता तुझा "ओ". लाल पेशीच्या पृष्ठभागावर एच नावाचा पाया असतो. त्यावर एक साखर बसली की ए, दुसरी बसली की बी, दोन्ही बसल्या की एबी, काहीच नाही बसलं की ओ. यातले ए, बी आणि ओ हे गट कार्ल लँडस्टायनरनं १९०१ मध्ये मांडले, १९३० चं नोबेल त्याचंच. आपल्या पेशीवर जे नाही त्याच्याविरुद्धची अँटिबॉडी प्लाझ्मात आपोआप असते, रक्त न देता-घेता, बाळ काही महिन्यांचं झालं की दिसू लागते. म्हणजे ओ ग्रुपच्या माणसाच्या पेशी कोऱ्या, पण प्लाझ्मात अँटी-ए आणि अँटी-बी दोन्ही भरलेल्या.

"ओ सगळ्यांना चालतो" हे वाक्य लाल पेशींचं आहे, प्लाझ्माचं नाही. पेशी देतो तेव्हा बघायचं की देणाऱ्याच्या पेशीवर काय आहे. प्लाझ्मा देतो तेव्हा बघायचं की देणाऱ्याच्या प्लाझ्मात काय आहे. ओचा प्लाझ्मा बी ग्रुपच्या बाईला दिला तर त्यातली अँटी-बी तिच्याच लाल पेशी फोडेल. हिमोग्लोबिन आधीच ७, ते आणखी खाली. तिला चालेल बीचा, तो नसेल तर एबीचा, कारण एबीच्या प्लाझ्मात दोन्हींपैकी एकही अँटिबॉडी नसते. ओचा प्लाझ्मा फक्त ओ ग्रुपच्या पेशंटला. हिशोबही करून ठेव: किलोला १५ मिलिलिटर धरले तर ५० किलोला ७५० मिलिलिटर. पिशवी साधारण २०० ते २५० ची, म्हणजे तीन ते चार पिशव्या, आणि एवढं पाणी झडप बदललेल्या हृदयात जातं आहे हे लक्षात ठेवून श्वासावर नजर ठेवायची. लाल पेशीही लागल्या तर बीच्या, किंवा अडचणीत ओच्या. एकाच पलंगाशेजारी ओची पेशींची पिशवी बरोबर आणि ओचाच प्लाझ्मा चूक, हे तुझ्या सरांना ऐकायचं होतं.

आरएचचं गणित निराळं. डी अँटिजेन असला की पॉझिटिव्ह, पण निगेटिव्ह माणसात अँटी-डी आपोआप नसते. पॉझिटिव्ह पेशी आत गेल्या तरच ती बनते, आणि ती आयजीजी असल्यानं वारेतून बाळापर्यंत जाते. म्हणून निगेटिव्ह आईला पॉझिटिव्ह बाळ झालं की ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन. ए-बीच्या नैसर्गिक अँटिबॉडी मुख्यतः आयजीएम, आकारानं मोठ्या, त्या वार ओलांडत नाहीत. प्लाझ्माच्या पिशवीत लाल पेशी जवळजवळ नसल्यामुळे तिथे आरएच जुळवण्याचा आग्रह धरत नाहीत.

सर तुला पुन्हा उभं करतील तेव्हा पुढचा प्रश्न बहुधा बॉम्बे ग्रुपचा येईल. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो १९५२ मध्ये मुंबईत शोधला. या माणसांच्या पेशीवर एचचा पायाच नसतो, मग ए किंवा बी बसणार कशावर? स्लाइडवर अँटी-ए आणि अँटी-बी टाकलं तर दोन्हीकडे गुठळी होत नाही, आणि नवखा माणूस ओ लिहून मोकळा होतो. पकडायचं कसं, तर उलटी तपासणी करून: त्याच्या सीरममध्ये ओ ग्रुपच्या पेशी टाकायच्या. खऱ्या ओच्या सीरममध्ये त्या मोकळ्या राहतात, बॉम्बेच्या सीरममध्ये अँटी-एच असल्यामुळे गुठळी होते. अशा पेशंटला ओचं रक्तसुद्धा चालत नाही, त्याला बॉम्बे ग्रुपचाच दाता शोधावा लागतो.